दिसणारी चूक आणि न दिसणारी

‘वुई वुड रादर वेट देन पे एक्स्ट्रा फ्रेट.’ एखाद्या कारखान्याच्या खरेदी विभागातून ट्रान्सपोर्टवाल्याला दुपारच्या घाईत असे एका ओळीचे उत्तर गेले, असे समजा. लिहिणाऱ्याला म्हणायचे होते, जादा भाडे भरण्यापेक्षा आम्ही थांबू. त्यासाठी हवा होता ‘पेक्षा’ या अर्थाचा दॅन, स्पेलिंग टी-एच-ए-एन. टाइप झाले टी-एच-ई-एन, म्हणजे ‘मग’ या अर्थाचा देन. ओळ जशी आहे तशी वाचली, तर अर्थ भलताच निघतो: आम्ही थांबतो आणि मग जादा भाडेही भरतो.

त्याच दुपारी त्याच टेबलावरून आणखी एक उत्तर गेले: ‘प्लीज लेट मी नो इफ यू कॅन सेंड द टेम्पो ऑन सॅटर्डे.’ यात स्पेलिंग बरोबर आहे, व्याकरणही बरोबर आहे. तरीही शनिवारी टेम्पो येणार की नाही याबद्दल पाठवणाऱ्याची समजूत एक झाली आणि वाचणाऱ्याची दुसरी.

इंग्रजीतून चालणाऱ्या ऑफिसांत या दोन जोड्या घाईच्या उत्तरांमध्ये नेहमी घोळ घालतात. देन आणि दॅनच्या गफलतीवर लोक हसतात, स्क्रीनशॉट फिरवतात, लिहिणाऱ्याच्या इंग्रजीबद्दल मत बनवून मोकळे होतात. इफ आणि व्हेदरकडे कोणाचे लक्षही जात नाही. खरे नुकसान कुठे होते हे पाहिले, तर पहिली चूक बहुतेक वेळा निरुपद्रवी निघते आणि दुसरी महागात पडते.

आधी पहिलीकडे पाहू. ही बोट घसरण्याची चूक दिसते, पण तशी नाही. कीबोर्डवर ई वरच्या ओळीत आहे आणि ए मधल्या ओळीच्या अगदी डाव्या टोकाला. पद्धतशीर टायपिंग शिकलेला माणूस ई मधल्या बोटाने दाबतो आणि ए करंगळीने. शेजारची कळ चुकून दाबली गेली असे इथे म्हणता येत नाही. गडबड बोटांच्या आधी, डोक्यात झालेली असते. आपण टाइप करताना वाक्य मनातल्या मनात उच्चारतो आणि हात त्या आवाजामागून चालतो. इंग्रजीच्या सहज बोलण्यात दॅनमधला स्वर इतका दबतो की तो ‘दन’सारखा ऐकू येतो, त्यामुळे देन आणि दॅन कानाला जवळजवळ सारखे होतात. आपल्याकडे अनेक जण दोन्ही शब्द सरळ ‘देन’ असेच म्हणतात. आवाज एकच असेल, तर हात त्यातला जास्त सवयीचा शब्द उचलतो.

नियम माहीत नसल्यामुळे ही चूक होते असे मानणेही बरोबर नाही. फ्रेंच भाषेत क्रियापदांची अनेक एकवचनी आणि अनेकवचनी रूपे लिहायला वेगळी, पण उच्चाराला एकच असतात. मिशेल फायोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सुशिक्षित प्रौढांना वाक्ये ऐकवून ती लिहायला सांगितली. नुसते लिहिताना ते क्वचितच चुकत. पण लिहिता लिहिता आणखी एक काम डोक्यावर टाकले, की तीच माणसे अगदी शाळकरी वाटाव्यात अशा चुका करू लागत. नियम त्यांना पाठ होता. लिहिलेले तपासायला लागणारे लक्ष मात्र दुसऱ्या कामाने खाल्ले होते. फोन कानाला, समोर कोणीतरी सही घ्यायला उभे आणि बोटे उत्तर टाइप करत आहेत, हे ऑफिसातले रोजचे दृश्य त्या प्रयोगाहून फार वेगळे नाही. म्हणून देन-दॅनची चूक पाहून समोरच्याला इंग्रजी येत नाही असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. त्यावरून फार तर तो घाईत होता एवढेच कळते.

शिवाय हे दोन शब्द मुळात एकच होते. जुन्या इंग्रजीत ‘तेव्हा’ आणि ‘पेक्षा’ या दोन्ही अर्थांना एकच शब्द होता. डच भाषेत आजही ‘दान’ हा एकच शब्द दोन्ही कामे करतो. इंग्रजीत पुढे जोर देऊन उच्चारलेले रूप आणि दबलेले रूप अशा दोन वाटा फुटल्या, पण स्पेलिंगची वाटणी पक्की व्हायला साधारण १७०० साल उजाडले. १६११ साली छापलेल्या किंग जेम्स बायबलच्या मूळ आवृत्तीत, १६२३ च्या शेक्सपिअरच्या पहिल्या फोलिओत आणि १६६७ च्या मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’मध्ये ‘पेक्षा’च्या जागी ई-वाला देन वारंवार भेटतो. ज्या स्पेलिंगसाठी आज कारकुनाला हसतात, ते एके काळी छापखान्याचे रीतसर स्पेलिंग होते.

तेव्हाच्या वाचकांचे त्यावाचून अडत नव्हते, याचे कारण तुलनेच्या घडणीत आहे. ‘मोअर देन फिफ्टी बॉक्सेस’, ‘नो लेटर देन फ्रायडे’, ‘बेटर देन लास्ट टाइम’, ‘अदर देन धिस’ या सगळ्या ओळींत देन येण्याआधीच मोअर, लेटर, बेटर किंवा अदर येऊन गेलेला आहे. तुलना सुरू झाल्याची वर्दी वाचकाला आधीच मिळते, त्यामुळे पुढे ई असो की ए, तो ‘पेक्षा’ असेच वाचतो. अशा ठिकाणी चूक डोळ्याला खुपते, पण व्यवहाराला धक्का लावत नाही.

धोका आहे तो मोजक्या वाक्यांत. जिथे दोन क्रिया शेजारी शेजारी येतात आणि त्यांच्यात पसंती सांगायची असते, तिथे दोन्ही स्पेलिंगनी वाक्य शहाण्यासारखे वाचता येते. रादर आणि बेटर टू ही तिथली ओळखीची चिन्हे. एक ओळ बारकाईने पाहू: ‘बेटर टू रिटर्न द लॉट देन रिपेअर इट.’ ई-वाला देन असेल, तर सूचना अशी: लॉट परत पाठवा आणि मग दुरुस्त करून घ्या. ए-वाला असेल, तर सूचना अशी: दुरुस्त करत बसण्यापेक्षा लॉट परत पाठवा. पहिल्या अर्थाने पुरवठादार माल दुरुस्त करून पुन्हा पाठवील आणि त्याचा खर्च मागेल. दुसऱ्या अर्थाने तो माल कायमचा परत घेईल आणि बिल रद्द होईल. दोन्ही गोष्टी कारखान्यांत रोज घडतात, त्यामुळे यातले काय अभिप्रेत आहे हे वाचणाऱ्याला नुसत्या अंदाजाने ठरवता येत नाही. अशा ओळीत स्पेलिंगवर विसंबू नये. ‘इन्स्टेड ऑफ रिपेअरिंग इट’ असे लिहिले की संशयाला जागाच उरत नाही, आणि क्रम सांगायचा असेल तेव्हा ‘फर्स्ट’ आणि ‘आफ्टर दॅट’ हे शब्द आहेतच.

बाकी सगळीकडे मराठी माणसाला एक सोपी कसोटी हाताशी आहे. त्या जागी ‘पेक्षा’ बसते का ते पाहावे. बसले तर ए. ‘मग’, ‘तेव्हा’ किंवा जर-तरमधला ‘तर’ बसला तर ई. मराठीत या दोन कामांना लागणारे शब्द उच्चारातही एकमेकांच्या जवळ येत नाहीत, म्हणून ही कसोटी इंग्रजी नियम घोकण्यापेक्षा लवकर हाती येते.

संगणक यात काय करतो? जुने स्पेलचेक प्रत्येक शब्द आपल्या यादीत आहे की नाही एवढेच बघत. देनही यादीत, दॅनही यादीत, त्यामुळे ते गप्प. अशा जोड्या आजूबाजूच्या शब्दांवरून ओळखायला संगणकाला शिकवणे हा संशोधनाचा एक स्वतंत्र विषय बनला. २००१ साली मायक्रोसॉफ्टमधल्या मिशेल बँको आणि एरिक ब्रिल यांनी नेमक्या देन-दॅनसारख्या जोड्या घेऊन एक प्रसिद्ध काम केले. संगणकाला शिकण्यासाठी दिलेला मजकूर शंभर कोटी शब्दांपर्यंत वाढवत नेला, आणि मजकूर वाढेल तशी त्याची निवड सुधारत गेली. पुढे वर्डच्या २००७ च्या आवृत्तीत, शब्द खरा पण जागा चुकीची असेल, तर निळी नागमोडी रेघ दिसू लागली. देन-दॅनची चूक पकडता येते, कारण तिचा पुरावा बहुतेक वेळा त्याच वाक्यात असतो: मोअर दिसला की पुढे दॅन.

इफचे असे नाही. ‘लेट मी नो इफ यू कॅन सेंड द टेम्पो’ हे वाक्य दोन्ही अर्थांनी निर्दोष आहे. लिहिणाऱ्याच्या मनात कोणता अर्थ होता याचा पुरावा कागदावर कुठेच नाही, मग कोणते यंत्र काय पकडणार?

दोन अर्थ मराठीत मांडले की लगेच वेगळे होतात. एक: टेम्पो पाठवता येणार असेल तर कळवा. दुसरा: टेम्पो पाठवता येईल की नाही ते कळवा. पहिल्यात जमणार नसेल तर कळवण्याची गरजच नाही, गप्प राहिले तरी ते ‘नाही’च आहे. दुसऱ्यात काहीही असले तरी उत्तर द्यायचे आहे, आणि गप्प राहणे म्हणजे उत्तर बाकी असणे. मराठी बोलणारा माणूस आपल्या भाषेत हे दोन प्रकार सहसा एकमेकांत मिसळत नाही. ‘जेवायला येणार असाल तर कळवा’ असा निरोप आला आणि कोणी फोन केला नाही, तर त्याच्या नावाचे पान मांडले जात नाही. इंग्रजीत मात्र इफ दोन्ही कामे करतो. व्हेदर फक्त दुसरे काम करतो, आणि घाईत तोच गाळला जातो. तो लांब आहे, स्पेलिंग अडवते, हवामानाच्या वेदरशी गोंधळही होतो. इफ दोन अक्षरांत आटोपतो.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. व्हेदरच्या जागी इफ वापरणे ही व्याकरणाची चूक नाही. ‘आस्क’, ‘नो’, ‘सी’, ‘चेक’ अशा क्रियापदांनंतर इफचा हा वापर जुन्या इंग्रजीपासून चालत आला आहे आणि चांगल्या लेखकांनी तो केला आहे. काही जागा मात्र व्हेदरच्याच आहेत: ‘टू’च्या आधी, म्हणजे ‘व्हेदर टू रिपीट द ऑर्डर’, आणि ‘ऑन’, ‘अबाउट’ यांच्यानंतर. तिथे इफ टाकला तर कानाला खटकते, पण अर्थ पोचतो. तेव्हा प्रश्न शुद्धलेखनाचा उरत नाही. समोरच्याने गप्प राहिले तर त्याचा अर्थ काय घ्यायचा, हा प्रश्न आहे. व्हेदर या शब्दाच्या पोटात ‘दोहोंपैकी कोणते’ हाच अर्थ आहे. संस्कृतातला ‘कतर’ त्याचा दूरचा भाऊ, दोहोंपैकी एक विचारणारा. ‘होय की नाही’ ही मागणी व्हेदरमध्ये मुळापासून आहे. इफमध्ये ती आहे की नाही हे वाचणाऱ्याने ठरवायचे.

आता टेम्पोचे प्रकरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. गुरुवारी दुपारी खरेदी विभागाने लिहिले, ‘लेट मी नो इफ यू कॅन सेंड द टेम्पो ऑन सॅटर्डे.’ ट्रान्सपोर्टवाल्याचे शनिवारचे दोन्ही टेम्पो आधीच लागलेले. त्याने ओळ वाचली, ‘जमत असेल तर सांगा’ असा अर्थ घेतला, जमत नव्हते म्हणून काही लिहिले नाही आणि पुढच्या कामाला लागला. त्याच्या लेखी विषय मिटला. इकडे लिहिणाऱ्याने प्रश्न विचारला होता. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नकार आला नाही. जुना माणूस आहे, अडचण असती तर बोलला असता, असे धरून त्याने गोदामाला माल बांधून ठेवायला सांगितले. शनिवारी सकाळी माल दारात आणि टेम्पो नाही. मग फोनवर दोघेही म्हणतात, ‘मी लिहिलं तसंच तुम्ही वाचायला हवं होतं.’ आणि दोघांचेही खरे असते. पत्रव्यवहार पुन्हा उघडून पाहिला तरी चूक सापडत नाही, म्हणून पुढच्या गुरुवारी तीच ओळ पुन्हा जाते.

वाचणाऱ्याने पहिला अर्थ का घेतला याला आणखी एक कारण आहे. ऑफिसच्या जवळजवळ प्रत्येक मेलच्या तळाशी ‘लेट मी नो इफ यू हॅव एनी क्वेरीज’ ही ओळ असते. ती खरोखरच अट आहे: शंका असतील तर विचारा, नसतील तर राहू द्या. तिला कोणी ‘शंका नाहीत’ असे उत्तर पाठवत नाही, पाठवायची अपेक्षाही नसते. वर्षानुवर्षे दिवसाकाठी कितीतरी वेळा ही ओळ सोडून देण्याची डोळ्याला सवय लागलेली असते. खरा प्रश्न त्याच साच्यात घातला, तर डोळा त्यालाही त्याच सवयीने ओलांडून जातो. म्हणून महत्त्वाचा प्रश्न मेलच्या शेवटच्या ओळीत ‘लेट मी नो इफ’ने विचारणे ही त्याला सर्वांत वाईट जागा देणे आहे.

गप्प राहण्याला उत्तर समजण्याचा हा घोळ कोर्टापर्यंत गेल्याचे एक जुने उदाहरण आपल्याकडच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही शिकवतात. इंग्लंडमध्ये पॉल फेल्टहाउस हे आपल्या पुतण्याचा घोडा विकत घेऊ पाहत होते. काकांना वाटत होते किंमत ३० पौंड ठरली आहे, पुतण्याला वाटत होते ३० गिनी, म्हणजे ३१ पौंड १० शिलिंग. जानेवारी १८६२ मध्ये काकांनी फरक अर्धा अर्धा वाटून घेण्याचे सुचवले आणि पत्रात लिहिले, की पुढे काही कळले नाही तर घोडा ३० पौंड १५ शिलिंगांना माझा झाला असे मी धरेन. पुतण्याने उत्तर दिले नाही. घोडा काकांनाच द्यायचे त्याने मनाशी ठरवले होते आणि बिंडली नावाच्या लिलाववाल्याला तो विक्रीतून बाजूला ठेवायलाही सांगितले होते. लिलाववाल्याने चुकून तो विकला. काकांनी त्याच्यावर दावा लावला आणि तो हरले. न्यायालयाने म्हटले, की पुतण्याने काकांना होकार कळवलाच नव्हता, आणि उत्तर न आल्यास सौदा पक्का असे एकतर्फी लिहून समोरच्यावर सौदा लादता येत नाही. गप्प राहण्याचा अर्थ काकांनी स्पष्ट शब्दांत लिहिला होता, तरी तो टिकला नाही. टेम्पोच्या ओळीत तर तो लिहिलेलाच नाही.

इफ आणि व्हेदरची आणखी एक अदलाबदल अशी आहे जी थेट पैशाला भिडते. व्हेदरचा दुसरा उपयोग ‘काहीही झाले तरी’ असा आहे, आणि त्यासाठी ‘ऑर नॉट’ची जोड लागते. ‘वुई विल डिस्पॅच द गुड्स व्हेदर ऑर नॉट द पेमेंट इज रिसीव्ह्ड’ म्हणजे पैसे येवोत न येवोत, माल निघेल. इथे इफ लिहिले की अर्थ होतो, पैसे आले तर माल निघेल. घाईत या दोहोंच्या मधली एक ओळ जन्माला येते: ‘वुई विल डिस्पॅच व्हेदर पेमेंट इज रिसीव्ह्ड.’ ‘ऑर नॉट’ गळालेला असतो आणि वाक्य अर्धवट लोंबकळत राहते. माल हवा असलेला गिऱ्हाईक त्यात ‘ऑर नॉट’ मनाने भरतो. वसुलीची काळजी असलेला अकाउंट्सवाला तिथे इफ वाचतो. दोघेही आपापल्या सोयीचे वाचतात आणि ओळ दोघांनाही अडवत नाही. उधारीवर माल सोडण्याबद्दलच्या कोणत्याही उत्तरात व्हेदर आला, तर पाठवण्याआधी त्याच्यापुढचा ‘ऑर नॉट’ जागेवर आहे ना, एवढे पाहायलाच हवे.

लिहिताना सुधारणा करायला फार वेळ लागत नाही. ओळ मनात मराठीत म्हणून पाहावी. ‘असेल तर’ येत असेल तर इफ राहू द्यावा, आणि शक्य तिथे ‘ओन्ली’ जोडावा: ‘रिप्लाय ओन्ली इफ देअर इज अ चेंज इन क्वांटिटी.’ आता गप्प राहण्याचा अर्थ वाक्यातच आला. ‘की नाही’ येत असेल, तर व्हेदर घालावा. पण नुसत्या व्हेदरवरही सगळे सोपवू नये, कारण घाईत वाचणारा तोही इफसारखाच वाचून जातो. प्रश्न सरळ प्रश्न म्हणून विचारावा, उत्तराची वेळ त्यातच घालावी: ‘कॅन यू सेंड द टेम्पो ऑन सॅटर्डे? प्लीज रिप्लाय यस ऑर नो बाय फाइव्ह टुडे.’ प्रश्नचिन्ह आले की ओळ तळच्या ठरीव वाक्यांपासून वेगळी दिसते. आणि पाच वाजेपर्यंत उत्तर आले नाही, तर फोन करायचा हे पाठवणाऱ्यालाही कळते, शनिवार उजाडायची वाट पाहावी लागत नाही.

वाचणाऱ्याच्या बाजूनेही थोडे करता येते. ‘लेट मी नो इफ’ने सुरू होणारी ओळ आली आणि तिच्यात वार, गाडी, रक्कम किंवा नग यांपैकी काही असेल, तर ती तळच्या शिष्टाचाराची ओळ समजू नये. उत्तर ‘नाही’ असले तरी ते लिहून पाठवावे, आणि पर्याय असेल तर तोही सोबत द्यावा: ‘नॉट पॉसिबल ऑन सॅटर्डे, मंडे मॉर्निंग ओके.’ यात व्याकरण अपुरे आहे, पण टेम्पो कधी येणार आणि कधी नाही, हे गोदामातल्या माणसालाही पहिल्या वाचनात कळते.